लोहखनिजाचा रिपोर्ट कसा वाचायचा: हेमाटाइट, मॅग्नेटाइट आणि ‘ग्रेड’चा खरा हिशोब

लोहखनिजाचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवले की बहुतेकांची नजर आधी एकाच रकान्यावर जाते, लोह किती टक्के. एकात ६८ आणि दुसऱ्यात ६२ असेल तर ६८ वालं चांगलं, असा निकाल लगेच लागतो. खाणीतल्या ताज्या मालात ३४ टक्केच लोह दिसलं तर तो कागद बाजूलाच पडतो. हे दोन्ही निकाल चुकीचे निघू शकतात. ६८ मॅग्नेटाइटचे असतील आणि ६२ हेमाटाइटचे असतील, तर ते आकडे सरळ वजा करता येत नाहीत. आणि ३४ टक्क्यांच्या दगडातून पोलाद कारखान्याला हवा असलेला उत्तम माल निघू शकतो.

खाली मी तीन खनिजं घेऊन शेवटपर्यंत हिशोब केला आहे. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण ते एकमेकांशी जुळतात, त्यामुळे कागद-पेन्सिल घेऊन सोबत गणित करता येईल.

- क: हेमाटाइट. लोह ६२.०, SiO2 म्हणजे सिलिका ४.१, Al2O3 म्हणजे ॲल्युमिना २.६, फॉस्फरस ०.०८, एलओआय म्हणजे तापवल्यावर घटणारं वजन ४.२ टक्के.
- ख: मॅग्नेटाइट, खाणीतून निघाल्यावर लोह फक्त ३४.० टक्के.
- ग: हेमाटाइट, पण गोथाइट या पाणी बांधलेल्या लोहखनिजाचं प्रमाण जास्त. लोह ५८.०, SiO2 ६.५, Al2O3 ३.२, फॉस्फरस ०.०९, एलओआय ६.९ टक्के.

## तयारी: हाताशी काय हवं

साधं फेराइटचं चुंबक, बिनचकाकीच्या चिनीमातीची छोटी फरशी, भिंग, खलबत्ता, ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा आणि १०५ अंशांवर स्थिर राहणारं ओव्हन. मोबाइलमधून किंवा स्पीकरमधून काढलेलं निओडिमियमचं जोरदार चुंबक मुद्दाम टाळा. ते हेमाटाइटची बारीक पूडही थोडीफार ओढतं आणि मग सगळंच खनिज मॅग्नेटाइट वाटायला लागतं.

लॅबला नमुना देताना काय मागायचं तेही आधी ठरवा. एकूण लोह, SiO2, Al2O3, फॉस्फरस, गंधक, एलओआय आणि FeO वेगळं. शेवटचं बहुतेक जण मागत नाहीत, आणि पुढचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

## टप्पा १: नमुना घेणं

नमुना चुकला तर पुढचं सगळं व्यर्थ. लोहखनिजात तो चुकतो तो ठरावीक पद्धतीने. जड, चकचकीत ढेकळं डोळ्यांत भरतात आणि हात आपोआप तिकडे जातो. चिकट, पिवळट बारीक माल मागे राहतो, आणि मातीतली ॲल्युमिना नेमकी त्याच बारीक मालात असते.

मी सुरुवातीला एका ढिगाचा नमुना असाच हाताने वेचला होता. लॅबने ६५ टक्के लोह दिलं. त्याच ढिगाचा माल गाडीतून उतरताना रीतसर नमुना घेतला गेला तेव्हा ते ६० च्या आसपास निघालं, आणि ॲल्युमिना जवळपास दुप्पट. लॅबचं काहीच चुकलं नव्हतं. मी ढिगातला चांगला भाग वेचून दिला होता.

१. माल पट्ट्यावरून जात असेल तर पट्टा थांबवून त्याच्या पूर्ण रुंदीचा आडवा काप घ्या. कडेचा किंवा फक्त वरचा थर घेऊ नका.
२. ढीगच असेल तर वीसेक जागा आधीच ठरवा. त्या वरपासून खालपर्यंत आणि चारही बाजूंना विखुरलेल्या हव्यात. प्रत्येक जागी वरचा वीतभर थर बाजूला करून आतला माल घ्या. ढीग ओतताना मोठे तुकडे घरंगळून पायथ्याशी जमतात, म्हणून नुसत्या पायथ्याचा नमुना कधीच खरा नसतो.
३. सगळा माल एकत्र करून बारीक फोडा, शंकूसारखा ढीग करा, तो चपटा करून चार भाग पाडा. समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. हवा तेवढा माल उरेपर्यंत हेच करत राहा. शेवटी ताटात चिकटून राहिलेली धूळही ब्रशने झाडून नमुन्यातच घ्या.
४. ओल्या नमुन्याचं वजन करा, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पुन्हा वजन करा. फरक म्हणजे ओलावा.

तपासणी: रिपोर्टमधले टक्के जवळजवळ नेहमी कोरड्या मालावर असतात, गाडी मात्र ओल्या मालाची भरते. क-खनिजात ८ टक्के ओलावा असेल तर ९२ किलो कोरडा माल मिळायला १०० किलो ओला माल उचलावा लागतो. म्हणजे गाडीतल्या प्रत्येक टनात लोह ६२० किलो नाही, ५७० किलोच आहे. ओलाव्याचा आकडा रिपोर्टवर नसेल तर तो मागून घ्या.

## टप्पा २: खनिज कोणतं ते ओळखणं

रंगावरून ओळखायला जाऊ नका. हेमाटाइट लाल असतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याचा एक प्रकार चांदीसारखा करडा आणि चकाकणारा असतो. तो मॅग्नेटाइट म्हणून सर्रास खपतो. खात्री करायची ती कसावरून.

कस पाहा. खनिजाचा कोपरा फरशीवर दाबून घासा. हेमाटाइटची रेघ तांबडी-तपकिरी उमटते, वरून दगड करडा असला तरी. मॅग्नेटाइटची रेघ काळी, गोथाइटची पिवळट तपकिरी. त्या करड्या, चकचकीत दगडाखाली अचानक गेरूसारखी रेघ उमटते ती एकदा पाहिली की माणूस पुन्हा रंगावर विसंबत नाही. लोहखनिज कठीण असतं, त्यामुळे फरशीच्या आधी दगडच झिजतोय ना ते बघा. फरशीचीच पांढरी पूड निघत असेल तर खनिजाची थोडी पूड करून ती पांढऱ्या कागदावर बोटाने पसरवा आणि रंग बघा.

चुंबक पूड करून लावा. अखंड दगडाला लावलं तर थोडंसं मॅग्नेटाइटही सगळा दगड ओढून घेतं. खलात बारीक पूड करा, पातळ कागदावर पसरवा आणि कागदाखालून चुंबक फिरवा. मॅग्नेटाइटचे कण उभे राहून चुंबकामागे धावतात, हेमाटाइट जागेवर बसून राहतं.

इथे दोन खनिजं फसवतात. मार्टाइटचा आकार मॅग्नेटाइटचा, तसेच आठ बाजूंचे स्फटिक, पण आतून ते हेमाटाइट झालेलं असतं. त्याचा कस तांबडा येतो आणि चुंबक त्याला फारसं ओढत नाही. मॅगहेमाइट याच्या उलट. त्याचं रासायनिक सूत्र हेमाटाइटचंच, Fe2O3, तरी चुंबक त्याला जोरात ओढतं. त्याचा कस तपकिरी असतो. म्हणून कस आणि चुंबक या दोन्ही परीक्षा करायच्या, एकीवर थांबायचं नाही.

तपासणी: हातातल्या वजनाचाही उपयोग करा. हेमाटाइट आणि मॅग्नेटाइट दोन्ही पाण्याच्या पाचपटीहून थोडे जड, गारगोटी मात्र सुमारे २.६५ पट. दगड काळा आहे, पूड चुंबकाला धावते, पण हातात हलका वाटतो, तर त्यात मॅग्नेटाइट आहे आणि बरोबर भरपूर गारगोटीही आहे. ख-खनिज नेमकं असंच आहे.

## टप्पा ३: रिपोर्ट जुळतो का ते पाहणं

शुद्ध हेमाटाइट Fe2O3 आहे, त्यात लोह ६९.९ टक्के. शुद्ध मॅग्नेटाइट Fe3O4, त्यात ७२.४. गोथाइटमध्ये पाणी बांधलेलं असतं, म्हणून त्यात फक्त ६२.९. या तीन कमाल मर्यादा लक्षात ठेवा. निव्वळ हेमाटाइट म्हणून दिलेल्या मालात ७१ टक्के लोह लिहिलेलं असेल तर खनिजाचं नाव तरी चुकलं आहे किंवा आकडा तरी.

पहिली पडताळणी बेरजेची. रिपोर्टमधलं लोह Fe2O3 मध्ये बदला आणि बाकीचे घटक मिळवा:

```
Fe2O3 = Fe × 1.4297
P2O5  = P  × 2.2914
```

क-खनिजात ६२.० चे Fe2O3 होतात ८८.६. त्यात ४.१ सिलिका, २.६ ॲल्युमिना, ०.२ P2O5 आणि ४.२ एलओआय मिळवले की ९९.७. उरलेल्या किरकोळ भागात चुना, मॅग्नेशिया, मँगॅनीज. हे जुळतं. बेरीज ९६ वर अडकली तर काहीतरी मोजायचं राहिलंय, आणि ती १३० च्या पुढे गेली तर Fe2O3 चा आकडा Fe म्हणून लिहिला गेलाय. ही दुसरी चूक दिसते त्यापेक्षा जास्त वेळा होते. Fe2O3 ८८ असलेला माल कोणी ‘८८ टक्के लोह’ म्हणून दाखवला तर तिथेच थांबा.

मॅग्नेटाइटच्या रिपोर्टमध्ये मात्र नवखा माणूस हमखास गोंधळतो. ख-खनिजापासून दळून, चुंबकाने वेगळा काढलेला जो बारीक माल मिळतो, म्हणजे कॉन्सन्ट्रेट, त्यात लोह ६८.२ आहे असं धरा. सिलिका ४.६, ॲल्युमिना ०.३, इतर ०.८५. लोहाचे Fe2O3 केले की ९७.५ येतात आणि एकूण बेरीज १०३ च्या वर जाते. मग लॅबला फोन जातो की तुमचा रिपोर्ट चुकला. तो चुकलेला नसतो. क्ष-किरणांनी घटक मोजणारं एक्सआरएफ यंत्र लोह कोणत्या अवस्थेत आहे ते बघत नाही, सगळं लोह Fe2O3 धरून लिहितं. मॅग्नेटाइटमध्ये ऑक्सिजन त्यापेक्षा कमी असतो. त्याच नमुन्याचा एलओआय बघा, तो उणे ३.३ च्या आसपास असतो. हा एलओआय धरला की बेरीज १०० वर येते.

एलओआय म्हणजे नमुना तापवल्यावर घटलेलं वजन. गोथाइट पाणी सोडतं, त्याचं वजन घटतं. शुद्ध गोथाइटमध्ये ही घट १०.१ टक्के असते. मॅग्नेटाइट मात्र हवेतला ऑक्सिजन घेऊन हेमाटाइट बनतं आणि त्याचं वजन ३.४५ टक्क्यांनी वाढतं. त्यामुळे एलओआयचं चिन्ह आणि आकडा पाहिला की खनिजाचा अंदाज घरबसल्या येतो. क मध्ये ४.२ आहे, म्हणजे त्यात बरंच गोथाइट किंवा चिकणमाती आहे. ग मध्ये ६.९ आहे, म्हणजे त्याहून जास्त.

इशारा: एलओआय शून्याजवळ असला की खनिज शुद्ध हेमाटाइटच, असं समजू नका. गोथाइटची घट आणि मॅग्नेटाइटची वाढ एकमेकांना खाऊन टाकू शकतात. FeO वेगळं मागायचं ते यासाठीच.

ख च्या कच्च्या दगडात FeO १२.५ टक्के आलं. मॅग्नेटाइटमधल्या तीन लोहांपैकी एकच FeO च्या अवस्थेत असतं. १२.५ ला ०.७७७ ने गुणलं की ९.७ टक्के लोह, त्याची तिप्पट २९.१. म्हणजे एकूण ३४ पैकी जास्तीत जास्त २९ टक्के लोह मॅग्नेटाइटमध्ये आहे. उरलेलं चुंबकाला लागणार नाही. ‘जास्तीत जास्त’ म्हणायचं कारण असं की लोह असलेले सिलिकेट आणि कार्बोनेटही FeO दाखवतात, आणि तेही चुंबकाला लागत नाहीत.

## टप्पा ४: सगळे आकडे एकाच पायावर आणणं

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी ही. भट्टीच्या वरच्या भागातच गोथाइटमधलं पाणी उडून जातं. मॅग्नेटाइटचा बारीक माल तर आधी गोळ्या करून भाजला जातो, म्हणजे त्याचे पेलेट बनतात, आणि भाजताना तो हेमाटाइट होतो. म्हणजे भट्टीत काम सुरू होतं तेव्हा दोघंही रिपोर्टमधल्या अवस्थेत नसतात. तुलना तिथल्या अवस्थेची करायला हवी:

```
भाजलेल्या पायावर Fe = Fe × 100 / (100 − LOI)
```

क साठी ६२.० भागिले ०.९५८, म्हणजे ६४.७. ग साठी ५८.० भागिले ०.९३१, म्हणजे ६२.३. ख च्या कॉन्सन्ट्रेटमध्ये एलओआय उणे असल्याने भाजक १०३.३ होतो आणि लोह ६६.० वर उतरतं. पेलेट बांधायला साधारण ०.६ टक्के बेंटोनाइट माती घालतात असं धरलं, तर हाती येणाऱ्या पेलेटमध्ये लोह ६५.७ राहतं.

आता पुन्हा बघा. कागदावर ख आणि क मध्ये ६.२ टक्क्यांचं अंतर होतं, भाजलेल्या पायावर ते एकाच टक्क्यावर आलं. क आणि ग मधलं ४ चं अंतर २.४ झालं. पाणी उडून जातं, सिलिका आणि ॲल्युमिना मात्र वितळूनच बाहेर काढावी लागते. त्यामुळे लोह का कमी आहे, पाण्यामुळे की गारगोटी-मातीमुळे, हे पाहिल्याशिवाय ग्रेडवर बोलू नये.

तपासणी: पाणी उडवायलाही इंधन लागतंच, आणि जास्त एलओआय असलेले तुकडे तापताना फुटून बारीक होतात. पाण्यामुळे लोह कमी असणं हे सिलिकेमुळे कमी असण्यापेक्षा परवडतं, फुकट मात्र पडत नाही.

## टप्पा ५: मॅग्नेटाइट असेल तर दळून पाहणं

हेमाटाइटचा चांगला माल फोडून, चाळून, जरूर पडल्यास धुऊन वापरता येतो. मॅग्नेटाइटच्या दगडाचा निकाल कच्च्या टक्क्यांवर लावताच येत नाही, कारण त्याला चुंबकाने वेगळं काढता येतं. इथे प्रश्न एवढाच असतो की किती बारीक दळल्यावर काळे कण गारगोटीपासून सुटतात.

ख चा एक तुकडा घासून गुळगुळीत करा आणि भिंगाखाली धरा. फिक्या करड्या गारगोटीत काळे ठिपके दिसतात. काही सुटे आणि टपोरे, पण बरेचसे इतके बारीक की गारगोटी नुसती मळकट वाटते. तो मळकटपणाच खर्च ठरवतो. ठिपक्यापेक्षा मोठं दळलं तर प्रत्येक कणात थोडं मॅग्नेटाइट आणि थोडी गारगोटी एकत्र राहते. चुंबक असा जोडकणही ओढतं आणि त्याच्याबरोबर सिलिका आत येते.

यासाठी लॅबला डेव्हिस ट्यूबची चाचणी सांगा. काचेची तिरकी नळी चुंबकाच्या दोन टोकांमध्ये हलत असते, तिच्यातून पाणी वाहतं, मॅग्नेटाइट भिंतीला चिकटून राहतं आणि बाकीचं वाहून जातं.

१. एकाच नमुन्याची किमान दोन वेगवेगळ्या बारकाईला चाचणी करून घ्या.
२. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहून घ्या: किती मायक्रॉनपर्यंत दळलं, किती टक्के वजन चुंबकाला लागलं, आणि त्या मालात लोह व सिलिका किती.
३. लोहाची वसुली स्वतः काढा: वजनाचे टक्के गुणिले कॉन्सन्ट्रेटमधलं लोह, भागिले कच्च्या दगडातलं लोह.

ख साठी ४५ मायक्रॉनला ४२ टक्के वजन आलं, लोह ६८.२, सिलिका ४.६. वसुली ४२ × ६८.२ ÷ ३४, म्हणजे ८४ टक्के. दगडाच्या दर १०० भागांत २८.६ भाग लोह चुंबकाने धरलं. टप्पा ३ मध्ये FeO वरून कमाल मर्यादा २९ आली होती, त्याच्याशी हे छान जुळतं. म्हणजे उरलेल्या १६ टक्के लोहासाठी चुंबकाचा जोर वाढवून फारसं काही हाती येणार नाही, ते बहुतेक हेमाटाइटमध्ये आहे. आणखी बारीक, ३२ मायक्रॉनला दळल्यावर वजन ४० टक्क्यांवर आलं, पण लोह ७०.२ झालं आणि सिलिका २.३ वर उतरली.

एक टन कॉन्सन्ट्रेटसाठी पहिल्या दळणीला २.४ टन आणि दुसऱ्या दळणीला अडीच टन दगड लागतो. तेवढा दगड पिठासारखा दळायची वीज हा मॅग्नेटाइटचा खरा खर्च. भाजताना त्यातला थोडा परत मिळतो, कारण मॅग्नेटाइटचं हेमाटाइट होताना उष्णता बाहेर पडते आणि पेलेट भाजायला इंधन कमी लागतं.

इशारा: ‘डेव्हिस ट्यूबमध्ये ७० टक्के लोह आलं’ एवढंच कोणी सांगितलं तर ते वाक्य अपुरं आहे. किती बारीक दळून आणि किती वजन मिळून, हे सोबत हवंच. पुरेसं बारीक दळलं तर बऱ्याच मॅग्नेटाइटमधून ७० टक्क्यांच्या आसपास माल निघतो.

## टप्पा ६: झोतभट्टीतला स्लॅग मोजणं

आता ग्रेडचा उपयोग. झोतभट्टीत सिलिका आणि ॲल्युमिना वितळवायला चुना घालतात आणि त्यांचा स्लॅग होतो. चुना सिलिकेच्या साधारण १.१ पट धरू. एक टन कच्च्या लोखंडात ९४५ किलो लोह, आणि ते सगळं खनिजातून आलं असं मानू. कोकच्या राखेतली सिलिका आणि लोखंडात जाणारं थोडं सिलिकॉन सोडून देऊ. तिन्ही खनिजांना एकच नियम लावल्यामुळे तुलना बिघडत नाही.

क चे १,५२४ किलो लागतील. त्यातून सिलिका ६२ किलो, ॲल्युमिना ४० किलो, चुना ६९ किलो, मिळून सुमारे १७१ किलो स्लॅग.

ग चे १,६२९ किलो लागतील. सिलिका १०६, ॲल्युमिना ५२, चुना ११६. एकूण २७४.

ख चे पहिल्या दळणीतले पेलेट १,४३९ किलो लागतील. बेंटोनाइटसकट सिलिका ४.८ टक्के, म्हणजे ६९ किलो. ॲल्युमिना फक्त ६ किलो, चुना ७६. एकूण सुमारे १५१.

क आणि ग मध्ये लोहाचा फरक ४ टक्के, स्लॅगचा फरक दर टनामागे शंभर किलोंहून जास्त. हा प्रत्येक किलो १,४०० अंशांच्या पुढे तापवायचा, वितळवायचा आणि वेगळा करायचा, म्हणजे तेवढा कोक जास्त आणि त्याच भट्टीतून लोखंड कमी. शिवाय ख मध्ये क पेक्षा सिलिका जास्त असूनही स्लॅग कमी निघाला. तो फरक ॲल्युमिनाने पाडला. ॲल्युमिना जास्त झाली की स्लॅग घट्ट होतो, नीट वाहत नाही, आणि तो पातळ ठेवायला भट्टी जास्त गरम ठेवावी लागते. म्हणून रिपोर्टमध्ये लोहानंतर माझी नजर सिलिकेच्या आधी ॲल्युमिनावर जाते.

फॉस्फरस वेगळा मोजा. झोतभट्टीत फॉस्फरस स्लॅगमध्ये जात नाही, जवळजवळ सगळा लोखंडात उतरतो. क चे ०.०८ टक्के कागदावर नगण्य दिसतात. १,५२४ किलोंवर ते १.२ किलो होतात, म्हणजे लोखंडात ०.१२ टक्के. पोलाद करताना तो चुन्याच्या स्लॅगने काढता येतो, पण त्यासाठी चुना आणि वेळ लागतो, आणि उरलेला फॉस्फरस पोलाद थंडीत ठिसूळ करतो. ख च्या माझ्या उदाहरणात फॉस्फरस ०.०१ टक्के धरला, तर लोखंडात तो ०.०१४ वरच राहतो. पण मॅग्नेटाइट म्हणजे फॉस्फरस कमी, असा नियम करू नका. स्वीडनमधल्या किरुनाचं मॅग्नेटाइट लोहाने समृद्ध आहे, तरी त्यात ॲपेटाइट या फॉस्फरसच्या खनिजामुळे फॉस्फरस येतो आणि तो वेगळा काढावा लागतो.

## टप्पा ७: कोणत्या वाटेला जाणार ते ठरवणं

ग्रेड चांगला आहे, पण आकार चुकीचा, असा माल झोतभट्टीला उपयोगाचा नाही. खालून येणारी गरम हवा मालातून वर जायला हवी. साधारण ६ ते ३० मिलिमीटरचे मजबूत तुकडे सरळ भट्टीत जातात. त्याहून बारीक माल सिंटरसाठी, म्हणजे भाजून एकमेकांना चिकटवायला, आणि पिठासारखा माल पेलेटसाठी. क चे तुकडे सरळ चालतील, चाळणीखालचा माल सिंटरला जाईल. मॅग्नेटाइटचे कच्चे तुकडे मात्र भट्टीत आळशी असतात. दगड घट्ट, वायू आत शिरत नाही. हेमाटाइटचं भट्टीत मॅग्नेटाइट होताना त्याला बारीक तडे जातात आणि वायूला वाट मिळते. म्हणूनच मॅग्नेटाइट भाजून, हेमाटाइट करून भट्टीत देणं फायद्याचं ठरतं. तडे फार गेले तर हेमाटाइटचाही भुगा होतो, त्यासाठी कमी तापमानाला तुकडे किती फुटतात त्याची वेगळी चाचणी मागून घ्या.

दुसरी वाट स्पंज आयर्नची. तिथे वायूने ऑक्सिजन काढून घेतला जातो, पण काहीच वितळत नाही. सिलिका, ॲल्युमिना, फॉस्फरस सगळं आतच राहतं आणि पुढे विद्युत भट्टीच्या डोक्यावर येतं. त्यामुळे अट कडक असते. साधारणपणे लोह ६७ टक्के किंवा जास्त, आणि सिलिका व ॲल्युमिना मिळून ३ टक्क्यांच्या आत.

आता ख कडे शेवटचं बघा. पहिल्या दळणीचं कॉन्सन्ट्रेट ६८.२ चं होतं, ६७ ची अट त्याने सहज ओलांडली असं वाटतं. पण अट पेलेटला लागू होते. पेलेटमध्ये लोह ६५.७ आणि सिलिका-ॲल्युमिना मिळून ५.२, दोन्हींत नापास. दुसऱ्या, ३२ मायक्रॉनच्या दळणीचा माल भाजल्यावर लोह ६७.९ आणि बेंटोनाइट घातल्यावर ६७.५ राहतं. सिलिका २.६, ॲल्युमिना ०.३, मिळून २.९. पास, पण काठावर. सिलिका अर्ध्या टक्क्याने वाढली, किंवा बेंटोनाइट ०.६ ऐवजी १ टक्का घालावं लागलं, तर हाच माल अटीबाहेर जाईल. तेव्हा या खाणीचा माल स्पंज आयर्नसाठी घ्यायचा असेल, तर बोलणी कॉन्सन्ट्रेटच्या लोहावर न करता भाजलेल्या पेलेटच्या सिलिका-ॲल्युमिनावर करा, आणि पहिल्या गाडीपूर्वी पेलेटचा स्वतंत्र नमुना घ्या. तोही टप्पा १ प्रमाणेच.